निवृत्तीसाठी किती रक्कम लागेल? तिशीतल्या जोडप्याने करायचा हिशोब, क्रमाक्रमाने

निवृत्तीच्या रकमेचा हिशोब बहुतेक लोक एकाच ठिकाणी चुकतात, आणि ती चूक गुणाकार-भागाकाराची नसते. आजचा घरखर्च आजच्या रुपयांत मांडला जातो, विम्याची रक्कम २६ वर्षांनंतरच्या रुपयांत असते, भविष्यनिर्वाह निधीचा अंदाज तिसऱ्याच सालच्या रुपयांत असतो, आणि हे सारे आकडे एकाच कागदावर एकमेकांत मिसळले जातात. चिपळूण, खेड, गुहागर या भागांतल्या ओळखीच्या कुटुंबांचे असे कागद मी पुष्कळ पाहिले आहेत. त्यांतल्या बहुतेकांत बेरीज बरोबर होती, पण उत्तर निम्म्याहून कमी निघाले होते. म्हणून या लेखातला एक नियम आधीच लिहून ठेवावा: कागदावरच्या प्रत्येक रकमेपुढे ती कोणत्या सालची आहे ते लिहायचे, आणि ते लिहिता येत नसेल तर ती रक्कम वापरायची नाही.

उदाहरण म्हणून एकच कुटुंब शेवटपर्यंत घेऊ. चिपळूणजवळ खेर्डीला राहणारे जोडपे आहे. पती ३४ वर्षांचा असून लोटे परशुरामच्या औद्योगिक वसाहतीत खासगी कारखान्यात नोकरीला आहे. पत्नी ३१ वर्षांची आहे आणि घरून शिवणकाम करते. एक मूल शाळेत जाते, घर स्वतःचे आहे आणि त्यावर कर्जाची आठ वर्षे उरली आहेत. गावाकडे भावकीत सामाईक असलेली थोडी हापूसची बाग आहे. आज २०२६ साल आहे, आणि पतीला २०५२ मध्ये, वयाच्या ६० व्या वर्षी, थांबायचे आहे.

## पूर्वतयारी: हिशोबाआधी जमवायचे कागद

गेल्या बारा महिन्यांचे बँक खात्याचे उतारे आणि मोबाइलवरून केलेल्या देण्यांची यादी घ्यावी. एकाच महिन्याचा खर्च घेऊन त्याला बाराने गुणू नये, कारण कोकणातल्या घराचा खर्च महिन्यामहिन्याला सारखा नसतो. मे महिन्यात पावसाळ्याची बेगमी असते, भाद्रपदात गणपतीला मुंबईहून चाकरमानी येतात, फाल्गुनात शिमगा असतो. मार्चचा किंवा ऑगस्टचा महिना धरला तर हिशोब एका बाजूला झुकतो.

भविष्यनिर्वाह निधीचे पासबुक उतरवून घ्यावे. त्यात कर्मचाऱ्याचा हिस्सा, मालकाचा हिस्सा आणि पेन्शनचा हिस्सा असे तीन रकाने असतात. पहिल्या दोन रकान्यांतली रक्कम आपली शिल्लक असते. तिसऱ्या रकान्यातली रक्कम पेन्शन योजनेत गेलेली असते आणि तिच्यातून पुढे ठरलेल्या सूत्राने पेन्शन मिळते. तिन्ही रकान्यांची बेरीज करून तिला शिल्लक समजणे ही नेहमी दिसणारी चूक आहे.

याशिवाय विम्याच्या पॉलिसी, म्युच्युअल फंडाचे एकत्रित विवरण आणि कर्जाचे वेळापत्रक हवे. घरात ६० च्या पुढचे कोणी असेल, तर त्यांच्या औषधपाण्याचा वर्षभराचा खर्चही लिहून घ्यावा. तो पहिल्याच टप्प्यात लागणार आहे.

## टप्पा १: निवृत्त जोडप्याचा आजचा खर्च ठरवणे

इथे विचारायचा प्रश्न असा आहे की, आपण दोघे आजच ६० वर्षांचे असतो आणि याच घरात राहत असतो, तर वर्षाला किती लागले असते? त्यासाठी आजच्या खर्चातून जे संपणार आहे ते वगळायचे आणि जे नव्याने येणार आहे ते घालायचे. पगाराच्या ७० किंवा ८० टक्के रक्कम धरण्याची पद्धत मी सोडून द्यायला सांगतो, कारण पगार वाढला म्हणून म्हातारपणी मासळी जास्त लागत नाही.

उदाहरणातल्या घरात शाळेचे ५,००० आणि कर्जाच्या हप्त्याचे ९,००० रुपये निवृत्तीनंतर नसतील. उरलेला दरमहाचा खर्च असा आहे: किराणा, दूध आणि भाजी १०,०००, मासे आणि मटण ३,५००, वीज, गॅस आणि फोन ३,०००, पेट्रोल आणि प्रवास २,५००, कपडे आणि किरकोळ ३,०००. यात घरकामाच्या बाईचे २,००० मुद्दाम घातले आहेत, कारण आज त्या घरात बाई नसली तरी सत्तरीत लागेल. बेरीज महिन्याला २४,००० म्हणजे वर्षाला २,८८,००० होते.

यानंतर वर्षातून एकदा किंवा काही वर्षांतून एकदा येणारे खर्च घ्यावे. गणपती आणि शिमगा मिळून २२,००० रुपये. शाकारणी, चिऱ्याच्या भिंतींची डागडुजी आणि घरपट्टी २०,०००. खारी हवा आणि चार महिन्यांचा पाऊस यांमुळे हा खर्च इथे कधीच टळत नाही. लग्नकार्ये, आहेर आणि गावी जाणे-येणे १२,०००. फ्रीज, पाण्याचा पंप आणि दुचाकी कधीतरी बदलावी लागते, त्यासाठी वर्षाकाठी १८,०००. हे सारे ७२,००० झाले. म्हणजे आरोग्य सोडून एकूण खर्च २०२६ च्या रुपयांत वर्षाला ३,६०,००० आहे.

आरोग्याचा खर्च वेगळा ठेवायचा, आणि तो आपल्या आजच्या वयाचा घ्यायचा नाही. या जोडप्याचा आजचा वैद्यकीय खर्च विमा धरून वर्षाला २५,००० आहे, पण ६० पार केलेल्या जोडप्याचा तेवढा नसतो. साठी ओलांडलेल्या नातेवाइकांचे आकडे पाहून आम्ही विम्याच्या हप्त्याचे ४२,०००, औषधे आणि तपासण्यांचे २०,००० आणि मोठ्या उपचारासाठी मुंबई, कोल्हापूर किंवा मिरजेला जाऊन राहण्याचे १०,०००, असे ७२,००० धरले. हा प्रवास-मुक्कामाचा खर्च शहरातल्या माणसाच्या तक्त्यात नसतो. इथल्या माणसाने तो धरलाच पाहिजे.

तपासणी: घरखर्चाचे ३,६०,००० आणि आरोग्याचे ७२,००० असे दोन आकडे कागदावर वेगळे असावेत आणि दोन्हींपुढे २०२६ लिहिलेले असावे.

इशारा: अचानक येणाऱ्या संकटाची रक्कम यात मिसळू नये. २२ जुलै २०२१ च्या महापुरानंतर चिपळूणच्या अनेक घरांना सामान पहिल्यापासून उभे करावे लागले. तशा वेळेसाठीची शिल्लक आणि घर-सामानाचा विमा निवृत्तीच्या निधीबाहेर असावा, नाहीतर पहिल्याच पुरात हा हिशोब वाहून जातो.

## टप्पा २: पैसे किती वर्षे पुरवायचे ते ठरवणे

भारतातले सरासरी आयुर्मान सुमारे ७० वर्षे आहे, असे वाचून लोक निवृत्तीनंतरची दहा-पंधरा वर्षे धरतात. ती सरासरी जन्माच्या वेळची असते. लहानपणी आणि तरुणपणी गेलेल्यांमुळे ती खाली येते. जो माणूस ६० वर्षांचा झाला, त्याने ते सारे धोके ओलांडलेले असतात, आणि त्याचे पुढचे सरासरी आयुष्य ७० च्या बरेच पुढे जाते. शिवाय सरासरी म्हणजे मर्यादा नव्हे. पुष्कळ लोक तिच्याही पलीकडे जगतात.

दुसरी गोष्ट अशी की, पैसे एका माणसाला नव्हे, तर दोघांपैकी जो शेवटपर्यंत राहील त्याला पुरायला हवेत. समजा दोघांपैकी प्रत्येकाची ८८ च्या पुढे जाण्याची शक्यता चारात एक आहे. मग दोघेही तोवर गेलेले असण्याची शक्यता पाऊण गुणिले पाऊण, म्हणजे ५६ टक्के होते, आणि किमान एक जण हयात असण्याची शक्यता ४४ टक्के उरते. एकट्यासाठी दूरची वाटणारी गोष्ट जोडप्यासाठी जवळजवळ नाणेफेकीइतकी जवळ येते.

म्हणून वय मोजायचे ते दोघांपैकी लहान असलेल्याचे. बायकांचे आयुर्मान पुरुषांपेक्षा जास्त असते आणि आपल्याकडे पत्नी बहुधा वयाने लहान असते, त्यामुळे हिशोब तिच्याच आयुष्यावर बसतो. उदाहरणात पती ६० चा होईल तेव्हा पत्नी ५७ वर्षांची असेल. ती ९२ वर्षे जगेल असे धरले, तर निधी ३५ वर्षे पुरायला हवा. पतीच्या ८५ व्या वर्षापर्यंतचा, म्हणजे २५ वर्षांचा हिशोब केला असता, तर ८२ व्या वर्षी त्या बाईचे हात रिकामे झाले असते. माझ्या मते या साऱ्या हिशोबातली सर्वांत क्रूर चूक हीच आहे.

तपासणी: दोघांपैकी लहान असलेल्याचे वय ९० च्या आत संपत असेल, तर वर्षे पुन्हा मोजा. घरात नव्वदी गाठलेले आजी-आजोबा असतील, तर ९५ धरा.

## टप्पा ३: आजचा खर्च निवृत्तीच्या सालात नेणे

आजपासून निवृत्तीपर्यंत २६ वर्षे आहेत. घरखर्चासाठी महागाई ६ टक्के धरली आहे. रिझर्व्ह बँकेचे उद्दिष्ट ४ टक्क्यांचे आहे आणि त्याभोवतीचा पट्टा २ ते ६ टक्क्यांचा आहे. मी वरची कड घेतो, कारण सरकारी निर्देशांकात जे सामान असते तेच आपल्या घरात त्याच प्रमाणात येते असे नाही. आरोग्यासाठी मी ८ टक्के धरतो. विम्याचे हप्ते महागाईने तर वाढतातच, पण वयाचा टप्पा ओलांडला की वेगळे वाढतात.

वर्षाला ६ टक्क्यांनी २६ वर्षांत खर्च ४.५५ पट होतो, आणि ८ टक्क्यांनी ७.४ पट. त्यामुळे घरखर्चाचे ३,६०,००० रुपये २०५२ मध्ये सुमारे १६,३८,००० होतील आणि आरोग्याचे ७२,००० सुमारे ५,३२,५०० होतील. दोन्ही मिळून वर्षाला २१.७० लाख, म्हणजे महिन्याला सुमारे १,८१,००० रुपये लागतील.

हा आकडा ऐकून लोक हसतात किंवा घाबरतात. दोन्हींची गरज नाही. ते २०५२ चे रुपये आहेत, आणि त्यांत येणारे सामान आज महिन्याला ३६,००० रुपयांत येते तेवढेच आहे, म्हणजे तोच किराणा आणि तीच शाकारणी.

इशारा: २६ वर्षांसाठी ६ टक्के म्हणजे २६ गुणिले ६ बरोबर १५६ टक्के वाढ, असे सरळव्याजाने करू नये. तसे केले तर खर्च केवळ २.५६ पट दिसतो. महागाई आधीच वाढलेल्या किमतीवर चढते, म्हणून इथे चक्रवाढच लागते.

## टप्पा ४: निवृत्तीच्या दिवशी हातात लागणारी रक्कम काढणे

पहिल्या वर्षी २१.७० लाख लागतील, पण दुसऱ्या वर्षी तेवढ्यात भागणार नाही. खर्च दरवर्षी वाढत राहील आणि उरलेल्या रकमेवर परतावाही मिळत राहील. निवृत्तीनंतरचा परतावा मी कर वजा जाता ७ टक्के धरतो. ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत २०२३ पासून ८.२ टक्के मिळत आले आहेत, हे दाखवून अनेक जण जास्त दर धरतात. पण त्या योजनेत एका व्यक्तीला ३० लाखांचीच मर्यादा आहे, ठेव पाच वर्षांची असते आणि व्याज करपात्र असते. कोट्यवधींच्या रकमेवर ३५ वर्षे तोच दर मिळेल असे मानता येत नाही.

परतावा ७ आणि महागाई ६ असेल, तर रकमेची खरी वाढ वर्षाला जेमतेम एक टक्का उरते. त्यामुळे ३५ वर्षांच्या खर्चासाठी पहिल्या वर्षाच्या खर्चाच्या जवळजवळ ३० पट रक्कम लागते. आरोग्याचा खर्च परताव्यापेक्षाही वेगाने वाढतो, म्हणून त्याला ३५ पेक्षाही जास्त, ४१ पट लागते. संगणकावर ही सूत्रे `B1` ते `B4` या चौकटींत ओळीने घालावीत:

```
=360000*1.06^26
=72000*1.08^26
=PV(1.07/1.06-1,35,-B1,0,1)
=PV(1.07/1.08-1,35,-B2,0,1)
```

शेवटचा `1` महत्त्वाचा आहे. वर्षाचा खर्च वर्षाच्या सुरुवातीलाच काढून ठेवला जातो, असा त्याचा अर्थ आहे. तिसऱ्या चौकटीत ४.९१ कोटी आणि चौथीत २.१९ कोटी येतात. एकूण ७.१० कोटी रुपये, आणि त्यापुढे २०५२ लिहायचे. ही रक्कम ४.५५ ने भागली की २०२६ च्या रुपयांत सुमारे १.५६ कोटी होतात.

आता सुरुवातीला सांगितलेली चूक इथे स्पष्ट दिसेल. आजच्या ३,६०,००० ला ३० ने गुणून १.०८ कोटी काढणारे पुष्कळ असतात. ती रक्कम चुकीची नाही, पण ती २०२६ च्या रुपयांतली आहे. चूक पुढे होते: ६० व्या वर्षी खात्यात १.०८ कोटी जमले की काम झाले, असे ते धरून चालतात. त्या दिवशी लागणार आहेत ४.९१ कोटी, तेही आरोग्य सोडून.

वर्षखर्चाच्या २५ पटीचा सुटसुटीत नियमही ऐकू येतो. तो अमेरिकेच्या बाजारातल्या आकड्यांवरून विल्यम बेंगेन यांनी १९९४ मध्ये मांडलेल्या ४ टक्क्यांच्या मर्यादेतून आला आहे आणि त्यात ३० वर्षांचा काळ धरला होता. इथली महागाई आणि आपली ३५ वर्षे त्यात बसत नाहीत.

तपासणी: सूत्रातल्या महागाईच्या जागी एकदा ५ आणि एकदा ७ टक्के घालून पाहा. घरखर्चाचीच रक्कम ५ टक्क्यांना ३.३१ कोटी आणि ७ टक्क्यांना ७.३२ कोटी येते. हिशोब कशाला सर्वांत जास्त संवेदनशील आहे ते यावरून कळते. तुमच्या तक्त्यात महागाई बदलल्यावर उत्तर थोडेसेच हलत असेल, तर ती एकाच ठिकाणी बदलली गेली आहे असे समजा. निवृत्तीआधीच्या आणि नंतरच्या, दोन्ही सूत्रांत ती बदलायला हवी.

## टप्पा ५: जमा बाजू, आणि तिच्यात काय धरायचे नाही

पतीचा मूळ पगार २५,००० आहे. त्याचे १२ टक्के म्हणजे ३,००० रुपये दरमहा भविष्यनिर्वाह निधीत जातात. मालकाच्या ३,००० पैकी १,२५० पेन्शन योजनेत वळतात आणि १,७५० निधीत येतात. असे दरमहा ४,७५० जमा होतात आणि आजची शिल्लक ४ लाख आहे. निधीचा अलीकडचा व्याजदर ८.२५ टक्के असला, तरी २६ वर्षांसाठी मी ७.५ टक्के धरतो, आणि मूळ पगार वर्षाला ५ टक्के वाढेल असे मानतो. मग २०५२ मध्ये सुमारे ९५ लाख होतात. मात्र मधे नोकरी बदलताना किंवा घराच्या कामासाठी ही रक्कम काढली, तर हा आकडा खोडून नव्याने मांडावा लागेल. म्युच्युअल फंडात आज अडीच लाख आहेत. ते १० टक्क्यांनी सुमारे ३० लाख होतील. दोन्ही मिळून १.२५ कोटी.

पेन्शन योजनेची पेन्शन मी जमा बाजूला धरत नाही. सध्याच्या १५,००० च्या वेतनमर्यादेवर, ५८ व्या वर्षी ३२ वर्षांची सेवा आणि योजनेच्या नियमाने सेवेत मिळवली जाणारी दोन वर्षे धरून, सूत्राने महिन्याला सुमारे ७,३०० रुपये येतात. २०५२ मध्ये ते लागणाऱ्या १,८१,००० च्या ४ टक्के असतील, आणि ती पेन्शन महागाईबरोबर वाढत नाही. ती मिळेल तेव्हा आनंदाने घ्यावी, पण तिच्यावर हिशोब टेकवू नये.

विम्याच्या पॉलिसीचे कागद इथे फसवतात. ‘साठाव्या वर्षी २५ लाख’ हे वाक्य मोठे वाटते, पण ते २०५२ चे २५ लाख आहेत. आजच्या भाषेत ते साडेपाच लाख होतात. जमा बाजूला ते २०५२ च्या रकान्यातच लिहावेत.

आता बाग आणि घर. या बाबतीत इथल्या माणसाशी माझे सर्वांत जास्त वाद होतात. राहते घर निधीत धरू नये, कारण ते विकले तर भाडे सुरू होते, आणि आपण खर्चात भाडे धरलेले नाही. गावची जमीन सातबाऱ्यावर दहा-बारा नावांनी असते. सर्वांच्या सह्या वेळेवर मिळतील आणि गरजेच्या वर्षी गिऱ्हाईक येईल, असे मानून आयुष्याची पुंजी उभी करता येत नाही. बागेचे उत्पन्न तर मोहोर, तुडतुडे आणि अवेळी पाऊस यांच्या हातात असते, आणि सत्तरीत फवारणीची देखरेख स्वतः करता येत नाही म्हणून बाग कराराने द्यावी लागते.

ज्यांना बाग धरायचीच आहे त्यांनी गेल्या सात वर्षांचे खर्च वजा जाता उरलेले उत्पन्न लिहावे, सर्वांत चांगले वर्ष वगळावे, बाकीच्यांची सरासरी काढावी आणि तिच्या निम्मे धरावे. आजचे ३०,००० रुपयांचे उत्पन्न खर्चातून वजा केले, तर २०५२ च्या निधीतून सुमारे ४१ लाख कमी होतात. म्हणजे आंब्याच्या भरवशावर आपण ४१ लाख जमवायचे सोडून देत असतो. उदाहरणात बाग धरलेली नाही.

तपासणी: ७.१० कोटींतून १.२५ कोटी गेले, उरली तफावत ५.८५ कोटी. वजाबाकीच्या दोन्ही आकड्यांपुढे २०५२ आहे ना, ते पाहा.

## टप्पा ६: तफावतीचा दरमहा हप्ता

हप्त्यांवरचा परतावा मी १० टक्के धरतो. तयार तक्त्यांत १२ किंवा त्याहून जास्त टक्के आधीच भरलेले असतात. हप्ते शेअर बाजाराशी जोडलेल्या फंडांत जात असले, तरी निवृत्तीच्या आधीच्या सात-आठ वर्षांत रक्कम हळूहळू सुरक्षित ठिकाणी न्यावी लागते. नेमकी त्याच वर्षांत रक्कम सर्वांत मोठी असते, म्हणून पूर्ण काळाची सरासरी खाली येते. हप्ता दरवर्षी ८ टक्क्यांनी वाढवायचा आहे. पहिल्या वर्षीच्या दरमहा हप्त्याचे सूत्र असे:

```
=58500000/((1.10^26-1.08^26)/(0.10-0.08))/12
```

उत्तर सुमारे २१,५०० रुपये येते. १२ टक्के परतावा धरला असता तर १६,७५० आले असते. हप्ता परवडत नाही म्हणून परताव्याचा आकडा वाढवणे हा मोह इथे होतो, आणि त्याने कागद जुळतो, पण पैसे जमत नाहीत.

या जोडप्याला आज १४,००० झेपतात. तेवढ्या हप्त्याने, तोही दरवर्षी ८ टक्के वाढवत, २०५२ पर्यंत ३.८० कोटी होतील आणि २.०५ कोटी कमी पडतील. अशा वेळी आधी निवृत्तीचे वय हलवून पाहावे, कारण त्याने हिशोब दोन्ही बाजूंनी सुधारतो: जमा करायची वर्षे वाढतात आणि पुरवायची वर्षे घटतात.

पतीने ६३ पर्यंत काम केले, मग ते त्याच कारखान्यात असो वा दुसरीकडे, तर निधीला २९ वर्षे मिळतात आणि तो ३२ वर्षे पुरवावा लागतो. २०५५ च्या रुपयांत लागणारी रक्कम ७.९१ कोटी होते. भविष्यनिर्वाह निधी आणि आजचे फंड मिळून १.६४ कोटी, आणि १४,००० पासून वाढत गेलेल्या हप्त्याचे ५.५० कोटी, असे ७.१४ कोटी जमतात. तूट ७७ लाखांवर येते. आठ वर्षांनी घराचे कर्ज फिटेल, तेव्हा मोकळे झालेले ९,००० रुपये, पुढे न वाढवताही, २१ वर्षे गुंतवले तर सुमारे ६९ लाख होतात. उरलेले आठ लाख हे गृहीतकांच्या चुकीपेक्षाही लहान आहेत, त्यांच्यासाठी आज काही करायचे नाही.

इशारा: हिशोबात वय बदलले की खर्चाचे साल, पुरवण्याची वर्षे, निधीची वाढ आणि हप्त्याचा काळ, हे चारही आकडे बदलावे लागतात. फक्त हप्त्याची वर्षे वाढवली आणि लागणारी रक्कम ७.१० कोटीच ठेवली, तर तूट खोटीच भरून निघाल्यासारखी दिसते. २०५२ चे आणि २०५५ चे रुपये तिथे पुन्हा मिसळले जातात.

## टप्पा ७: दरवर्षीची फेरतपासणी

आर्थिक वर्ष संपले की एप्रिलमध्ये पहिल्या टप्प्यापासून सारे पुन्हा करावे. जुना ७.९१ कोटींचा आकडा लक्ष्य म्हणून जपून ठेवू नये. घरखर्च प्रत्यक्ष जेवढा झाला तो घ्यावा, उरलेली वर्षे एकाने कमी करावी आणि शिल्लक पासबुकातली घ्यावी. मागच्या वर्षी आपल्या घराचा खर्च ६ टक्क्यांऐवजी ९ टक्क्यांनी वाढला असेल, तर तो एका वर्षाचा चढ आहे की आपली राहणीच बदलली आहे, हे बाराही महिन्यांच्या यादीत शोधावे. राहणी बदलली असेल तर पायाचा आकडा बदलतो, महागाईचा दर नाही.

पाच वर्षांनी, २०३१ मध्ये, मार्ग बरोबर आहे का ते पाहायला एक खूण आहे. वरच्या गृहीतकांप्रमाणे तेव्हा भविष्यनिर्वाह निधीत सुमारे ९ लाख ४० हजार, आजच्या फंडांचे ४ लाख आणि नव्या हप्त्यांचे ११ लाख ८५ हजार, असे जवळपास २५ लाख असायला हवेत. ते २० लाखच असतील, तर आधी पाहावे की हप्ते चुकले आहेत का किंवा दरवर्षीची ८ टक्के वाढ करायची राहून गेली आहे का. हप्ते नियमित असतील आणि बाजारच पडलेला असेल, तर हप्ता तसाच चालू ठेवून पुढच्या एप्रिलमध्ये पुन्हा मोजावे. पण हप्ताच १४,००० वर थांबून राहिला असेल, तर २०३१ चा हप्ता २०,५०० च्या आसपास असायला हवा होता, आणि तो त्याच महिन्यात तिथे नेऊन ठेवावा.